कोरी पाटी आणि भाड्याचं घर

२०२३ च्या फेब्रुवारीत स्कारबरोच्या एका स्वयंपाकघरात मी चहाचा कप हातात धरून उभी होते आणि फोनवर एजंटचा निरोप आला: 'कागद चांगले आहेत. फक्त क्रेडिट रिपोर्ट पाठवा.' टोरंटोत येऊन मला पंधरा दिवस झाले होते. पुण्याहून निघण्यापूर्वी मी माझा सिबिल स्कोअर मुद्दाम तपासला होता. ७९१. कारचं कर्ज वेळेत फेडलेलं, क्रेडिट कार्डाची बाकी कधी पुढच्या महिन्यावर ढकललेली नाही. मनात कुठेतरी होतं की हा आकडा आपल्याबरोबर येईल.

तो येत नाही. भारतातल्या सिबिलचं पूर्ण नाव ट्रान्सयुनियन सिबिल आहे, आणि कॅनडात क्रेडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांपैकी एक तीच ट्रान्सयुनियन. दुसरी इक्विफॅक्स. मालकी एकच असली तरी माझी पुण्यातली फाइल टोरंटोच्या घरमालकाला दिसत नाही. तिथे माझ्या नावाने शोध घेतला तर कमी गुण येत नाहीत, काहीच येत नाही. फाइलच नसते. मला वाटायचं, कोरी पाटी म्हणजे निदान वाईट तरी काही लिहिलेलं नाही. पण ज्याला घर द्यायचं आहे त्याला वाईट लिहिलेलं निदान वाचता तरी येतं. कोऱ्या पाटीवरून तो काय ओळखणार?

ज्यांच्याकडे मी खोली घेऊन राहत होते त्या ताई जळगावच्या, इथे अठरा वर्षं झालेल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, 'ऑफर लेटर आणि बँक स्टेटमेंट दे, होऊन जातं.' झालं नाही. तेच दोन कागद देऊन माझे दोन अर्ज नाकारले गेले आणि तिसरा मंजूर झाला. कागदांची नावं तीच होती, पण पहिल्या दोन वेळचे कागद आणि तिसऱ्या वेळचे कागद यांत बराच फरक होता. त्या फरकाबद्दलच मला लिहायचं आहे. तेव्हा मला ते कुणी उलगडून सांगितलं असतं तर दोन आठवड्यांची झोप वाचली असती.

आधी ऑफर लेटर. माझं पत्र चार पानांचं होतं. वार्षिक पगार ८४,००० डॉलर, रुजू होण्याची तारीख २७ फेब्रुवारी, कायमस्वरूपी पूर्णवेळ नोकरी. पहिल्या घरमालकाच्या एजंटला मी ते जसंच्या तसं पाठवलं. नकार आला तेव्हा मी धीर करून फोन लावला आणि कारण विचारलं. त्या बाईंनी खरंच सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तिसऱ्या पानावर एक ओळ होती: ही नियुक्ती शैक्षणिक कागदपत्रांची आणि पार्श्वभूमीची पडताळणी समाधानकारक झाल्यासच लागू होईल. मी ती ओळ वाचली होती, सही करताना. पण मी ती नोकरी मिळालेल्या माणसाच्या डोळ्यांनी वाचली होती. घरमालकाच्या डोळ्यांनी वाचली तर तिचा अर्थ इतकाच होतो की ही नोकरी अजून लागलेली नाही.

पडताळणी तर आठवड्यापूर्वीच संपली होती. मी एचआरला ईमेल लिहून एवढंच मागितलं: कंपनीच्या लेटरहेडवर एका पानाचं पत्र. त्यात माझं नाव, पद, वार्षिक पगार, रुजू होण्याची तारीख, नोकरी कायमस्वरूपी आहे की कंत्राटी, आणि नियुक्तीच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्या आहेत हे वाक्य. खाली सही करणाऱ्याचं नाव आणि कंपनीचा फोन. दोन दिवसांत ते पत्र आलं. मूळ करारातल्या गोपनीयतेच्या आणि बोनसच्या कलमांशी घरमालकाचा काही संबंध नसतो, म्हणून चार पानं त्याच्या हातात द्यायचं कारणच नव्हतं. फोनचंही एक आहे. खोटी नोकरीपत्रं इथल्या घरमालकांनी पाहिलेली असतात. सावध मालक पत्रावरचा नंबर लावत नाही, कंपनीच्या संकेतस्थळावरचा मुख्य नंबर शोधून तिथे विचारतो. म्हणून मी एचआरला आधीच कळवून ठेवलं की असा फोन येऊ शकतो आणि माझी माहिती द्यायला माझी संमती आहे. तशी लेखी संमती नसेल तर पलीकडचा माणूस 'आम्ही सांगू शकत नाही' म्हणतो, आणि घरमालकाला ते नकारासारखं ऐकू येतं.

आता बचतीचं स्टेटमेंट. इथे माझी चूक जास्त खोल होती.

मी पुण्यातल्या बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट डाउनलोड केलं होतं. सव्वीस पानं, सगळं रुपयांत. किराणा, यूपीआय, मुलीच्या शाळेची फी, भिशीचे पैसे. दुसऱ्या घरमालकाने ते उघडलं असेल आणि मिटलं असेल. सात लाख रुपये म्हणजे किती हे त्याला का माहीत असावं? त्यातून माझी इथल्या बँकेतली बाकी होती १९,००० डॉलर, पण ते खातं जेमतेम दोन आठवड्यांचं. त्यात एकच मोठी जमा, ६ फेब्रुवारीची. त्याआधी काही नाही. हे पैसे माझे आहेत की अर्जापुरते कुणाकडून उसने आणून ठेवले आहेत, हे त्या एका ओळीवरून कळायला मार्ग नव्हता.

आणि तिसरी गोष्ट, जी आपल्याकडच्या कितीतरी बायकांच्या वाट्याला येते. माझं पुण्यातलं खातं लग्नाआधीचं. माहेरचं आडनाव, मधलं नाव वडिलांचं. पासपोर्ट सासरच्या आडनावाने, मधलं नाव नवऱ्याचं. आपल्याला ती दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सांगावं लागत नाही. टोरंटोतल्या माणसापुढे मात्र दोन वेगवेगळ्या बायकांचे कागद होते, आणि एकीचे पैसे दुसरीच्या खात्यात आले होते.

एका रविवारी ताईंच्या डायनिंग टेबलावर सगळं पसरून मी ते नव्याने लावलं. इथल्या खात्याचं स्टेटमेंट वर. त्याखाली पुण्याच्या खात्यातलं फक्त एक पान, ज्यात त्या रकमेची परदेशी पाठवणी दिसते. दोन्ही पानांवर त्या व्यवहाराच्या ओळीला पिवळी खूण. पुण्याच्या खात्यात ही रक्कम आधीचे पाच महिने हळूहळू साठत गेली हे दाखवायला प्रत्येक महिनाअखेरची बाकी एका ओळीत. मुदत ठेवीची पावती वेगळी, रक्कम ७ लाख ३२ हजार रुपये, आणि शेजारी लिहिलं: त्या वेळच्या ६१ रुपयांच्या दराने सुमारे १२,००० डॉलर, मोडायला आणि इथे यायला साधारण आठवडा. ही ओळ मला महत्त्वाची वाटली. मुदत ठेव म्हणजे हातातले पैसे नव्हेत, तेव्हा ती १९,००० मध्ये मिसळून ३१,००० असा फुगवलेला आकडा देणं मला पटलं नाही. शेवटी विवाह नोंदणीचा दाखला, दोन नावं जोडणारा. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे सोडून बाकी झाकले. प्रत्येक पानावर फिकट अक्षरांत आडवं लिहिलं: केवळ भाड्याच्या अर्जासाठी, आणि तारीख. सिन क्रमांक, म्हणजे इथला सामाजिक विमा क्रमांक, कुठेही दिला नाही. काही अर्जांवर त्यासाठी जागा असते, पण घरमालकाला तो देणं बंधनकारक नाही आणि चुकीच्या हाती पडला तर त्यावर कुणी दुसराच कर्ज काढू शकतो.

सव्वीस पानांची सहा पानं झाली.

मधल्या काळात एक मोह झाला होता, तोही सांगते. दुसऱ्या नकारानंतर त्या एजंटने सुचवलं, 'सहा महिन्यांचं भाडं आगाऊ देता का? मग मालक तयार होईल.' माझ्याकडे तेवढे पैसे होते. नव्याने आलेले कितीतरी जण हे करतात आणि त्यांचं चूक आहे असं मी म्हणणार नाही; फेब्रुवारीच्या थंडीत डोक्यावर छप्पर हवं असतं. पण टोरंटो ज्या प्रांतात येतं त्या ओंटारिओचा २००६ चा निवासी भाडेकरार कायदा स्पष्ट आहे. घरमालक ठेव म्हणून जास्तीत जास्त एका महिन्याचं भाडं मागू शकतो, आणि तेही शेवटच्या महिन्याचं भाडं म्हणूनच वापरायचं असतं. आपल्या पुण्यासारखी घर सोडताना रंगरंगोटीचे पैसे कापून परत करायची अनामत तिथे घेताच येत नाही. त्याहून जास्त मागणं कायद्यात बसत नाही, म्हणून ते 'मागितलं' जात नाही, 'सुचवलं' जातं. भाडेकरूने आपणहून दिलं म्हणजे प्रश्न वेगळा होतो. आणि मी १३,००० डॉलर एका अनोळखी माणसाच्या खात्यात टाकले असते तर माझा दुसरा कागद रिकामा झाला असता. नोकरी गेली तर जगायला लागणारे पैसे म्हणजेच ती बचत. ती आधीच देऊन टाकायची आणि वर तिचंच स्टेटमेंट दाखवायचं, हे दोन्ही एकदम होत नाही.

जामीनदाराचंही तसंच. ताईंचे यजमान म्हणाले, 'मी सही करतो, त्यात काय.' त्यांच्या मनाचा मोठेपणा मी विसरणार नाही. पण जामीनदार म्हणजे ओळख सांगणारा माणूस नव्हे. मी भाडं थकवलं तर ते भरण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली असती, त्यांची पगारपत्रकं आणि क्रेडिट रिपोर्ट मालकाकडे गेले असते, आणि त्यांच्या स्वतःच्या घराचे हप्ते चालूच होते. पंधरा दिवसांच्या ओळखीवर एवढं ओझं मी घालू शकले नाही. 'भाऊजी, लागलंच तर विचारीन,' म्हटलं आणि विषय थांबवला.

तिसरं घर केनेडी स्टेशनजवळ, जुन्या इमारतीत नवव्या मजल्यावर. एक बेडरूम, भाडं २,१५० डॉलर. मालकीण स्वतः दाखवायला आली होती, एजंट नव्हता. रुग्णालयात नर्स, रात्रपाळी करून सरळ आलेली. १८ फेब्रुवारी, शनिवार. तिच्याकडे ही एकच सदनिका, तीही कर्जावर. बँक ऑफ कॅनडाने वर्षभरात व्याजदर पाव टक्क्यावरून साडेचार टक्क्यांवर नेला होता आणि तिचा हप्ता त्याबरोबर चढत गेला होता. आधीच्या भाडेकरूने सात महिने भाडं दिलं नव्हतं. 'नोटीस दिली, अर्ज केला, सुनावणीची वाट पाहत बसले,' ती म्हणाली. थकलेल्या भाड्यासाठी तेव्हा आधी एन४ नावाची चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागायची, मग घरमालक आणि भाडेकरू मंडळाकडे अर्ज, मग सुनावणी. कोविडनंतर ती सुनावणी महिनोन्महिने मिळत नव्हती. त्याच वर्षी मे महिन्यात ओंटारिओच्या लोकपालांनी या विलंबावर अहवाल काढला, तेव्हा ३८ हजारांहून अधिक अर्ज पडून होते. तिच्या सात महिन्यांच्या हप्त्यांचं काय झालं असेल ते तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांत दिसत होतं.

तोवर मी घरमालक ही एक भिंत समजत होते. क्रेडिट रिपोर्ट मागणारी भिंत. तिच्याशी बोलताना मला कळलं की ती रिपोर्ट मागते तेव्हा तिला तीन गोष्टी एकदम जाणून घ्यायच्या असतात. भाडं भरण्याइतके पैसे येणार का? येणं थांबलं तर किती दिवस निभावेल? आणि पैसे असूनही न देणारा हा माणूस आहे का? क्रेडिट रिपोर्ट तिन्हींचं थोडं थोडं उत्तर देतो. माझं नोकरीपत्र फक्त पहिल्याचं देतं, बचतीचं स्टेटमेंट फक्त दुसऱ्याचं.

पहिला प्रश्न तिने लगेच सोडवला. महिना ७,००० डॉलर पगार, भाडं २,१५०, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या आत. कर आणि कपाती जाऊन माझ्या हातात सुमारे ५,२०० येणार होते, तेही मी सांगितलं. ढोबळ पगारावर खूश होणाऱ्यांपैकी ती नव्हती. मग तिने कागद खाली ठेवून विचारलं, 'आणि तिसऱ्या महिन्यात काढून टाकलं तर?'

तिला कायदा ठाऊक होता. ओंटारिओत नोकरीचे पहिले तीन महिने पूर्ण व्हायच्या आत काढलं तर कायद्याने नोटीस किंवा नुकसानभरपाई देणं कंपनीला बंधनकारक नसतं. म्हणजे नव्या माणसाचं नोकरीपत्र ज्या काळात सगळ्यात कच्चं, नेमक्या त्याच काळात त्याला क्रेडिटही नसतं. मी स्टेटमेंटचं पान पुढे केलं. १९,००० मधून पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचे ४,३०० गेले तर राहतात १४,७००. इथे एकटीचं खाणंपिणं, बसचा पास, फोन मिळून महिना सातशे धरा. भाड्यासकट २,८५०. पगाराचा एक डॉलर आला नाही तरी पाच महिने. मुदत ठेव मोडली तर आणखी चार. तिने फोनवर स्वतः भागाकार करून पाहिला. एवढे डॉलर बँकेत आहेत, हे पहिल्या दोन अर्जांत मीही दाखवलं होतं. इतके महिने भाडं येईल, हे पहिल्यांदाच दाखवत होते, आणि तिला महिनेच मोजायचे होते.

राहिला तिसरा प्रश्न. त्याला माझ्याकडे सरळ उत्तर नव्हतं आणि ते मी तसंच सांगितलं. पैशांचे कागद माणसाचा स्वभाव सांगत नाहीत. जे होतं ते मी पुढे ठेवलं: कोथरूडच्या घराचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, अकरा महिन्यांचा, चार वेळा नव्याने केलेला. एकाच मालकाने एकाच भाडेकरूशी चार वेळा करार केला, यातून कुणाला काय समजायचं ते समजेल. आणि त्या घराचे मालक काका यांचं पत्र. त्यांना मी फोन करून विचारलं होतं, तर त्यांनी दुपारी बसून हाताने लिहून त्याचा फोटो पाठवला होता: भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मिळालं, घर सोडताना भिंतीत खिळ्याची भोकंसुद्धा बुजवून दिली. मी म्हटलं, 'तुम्हाला त्यांच्याशी बोलायचं असेल तर आत्ता पुण्यात रात्र आहे, पण उद्या सकाळी बोलता येईल.' ती नको म्हणाली. पण पत्र दोनदा वाचलं.

याच पुण्यात लग्नाआधी मी एकटीने घर शोधत होते, तेव्हा मला कुणी पगाराचं पत्र मागितलं नव्हतं. आडनाव विचारलं होतं, मांसाहार करता का विचारलं होतं, रात्री किती वाजता येता ते विचारलं होतं. नर्सबाईंनी विचारलेला प्रत्येक प्रश्न पैशांचा होता आणि त्याला कागदाने उत्तर देता येत होतं. मला तो परकेपणा वाटला नाही, उलट हायसं वाटलं. इथे सगळेच असे वागतात असं मात्र नाही. भाड्याचा किंवा क्रेडिटचा इतिहास नाही एवढ्याच कारणाने अर्जदाराला कमी लेखू नये, अशी ओंटारिओ मानवी हक्क आयोगाची भूमिका आहे. पण एका घरावर दहा अर्ज आले की नऊ जणांना कारण सांगितलं जात नाही, आणि न सांगितलेल्या कारणाविरुद्ध तक्रार करणं फार अवघड असतं.

मीही तिला कागद मागितले. ताईंनी बजावून पाठवलं होतं. घर स्वतःचं नसताना दाखवून, ठेव घेऊन पसार होणारे असतात आणि नव्याने आलेला माणूस त्यांना सोपा सापडतो. मी जरा अडखळतच मालकीचा पुरावा विचारला. तिने पर्समधून ओळखपत्र काढलं आणि फोनवर मालमत्ता कराचं बिल उघडून नाव जुळवून दाखवलं. रागावली नाही. रागावली असती तर मी पैसे दिले नसते.

करार ओंटारिओच्या प्रमाणित नमुन्यावर झाला. २०१८ पासून बहुतेक घरांना तोच वापरावा लागतो. पहिला आणि शेवटचा महिना, ४,३०० डॉलर, बँकेच्या ड्राफ्टने. तिने दोन्ही रकमांची वेगवेगळी पावती लिहून दिली. मग माझी सहा पानं उचलली, म्हणाली, 'हे आता माझ्याकडे राहायला नको,' आणि बँकेची पानं माझ्यासमोर बारीक फाडून कचऱ्याच्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत टाकली. नोकरीपत्र आणि काकांचं पत्र तिने ठेवून घेतलं.

एप्रिलअखेर मुलीची शाळा संपली आणि ती आणि तिचे बाबा आले. पुढच्या वर्षी १ मार्चला सकाळी मी ऑफिसच्या बसमध्ये होते तेव्हा बँकेचा निरोप आला. घरमालकिणीकडून ५३ डॉलर ७५ सेंट जमा. मला आधी कळेना कशाचे. मग हिशेब केला. शेवटच्या महिन्याच्या भाड्याच्या ठेवीवर वर्षाला व्याज द्यावं लागतं, त्या वर्षीचा दर अडीच टक्के. २,१५० वर तेवढेच होतात. मी मागितले नव्हते, आणि खरं सांगायचं तर मी विसरूनही गेले होते. बसमधूनच कोथरूडच्या काकांना फोन लावला आणि त्यांना ही गोष्ट सांगितली.